आनासागराचे पाणी आणि एक फकीर

चाळीस साथीदारांना घेऊन एक फकीर अजमेरच्या वेशीबाहेर पोचला आणि सावली बघून एका झाडाखाली बसला. थोड्या वेळाने उंटवाले आले. ही जागा राजाच्या उंटांची आहे, रात्री ते इथेच बसतात, तेव्हा तुम्ही उठा, असे त्यांनी बजावले. फकिराने वाद घातला नाही. आम्ही उठतो, तुमचे उंट बसू देत, एवढेच म्हणून तो निघाला आणि आनासागर तळ्याच्या काठी जाऊन उतरला. सकाळी उंटवाल्यांनी किती हाकारले, दोर ओढले, काठ्या मारल्या, तरी एकही उंट जागचा हलेना. शेवटी ते तळ्याकाठी येऊन फकिराच्या पाया पडले, तेव्हा कुठे उंट उठले.

तळ्याच्या काठी देवळे होती. फकिराचे साथीदार वजूसाठी पाणी घ्यायला उतरले, तर पुजाऱ्यांनी त्यांना अडवले. या पाण्याला हात लावायचा नाही. साथीदार रिकाम्या हातांनी परतले. फकिराने एकाला लहानसे भांडे दिले आणि एवढे एक भांडे भरून आण म्हणून सांगितले. भांडे पाण्यात बुडवले आणि सगळे तळे त्यात आले. आनासागर कोरडा पडला, गावातली इतर तळी आटली, विहिरी आटल्या. मग फकीर देवळापाशी गेला. तिथल्या मूर्तीला त्याने कलमा म्हणायला लावले, मूर्ती माणसासारखी बोलू लागली आणि त्याची सेवक झाली. तिचे नाव सादी पडले.

राजाने आपला सर्वांत मोठा जोगी, जयपाळ, पाठवला. तो शेकडो चेले घेऊन आला. त्याने साप सोडले, आगीची चक्रे सोडली. फकिराने साथीदारांभोवती रिंगण आखले होते, त्याच्या आत काहीच येईना. अखेर जयपाळ मृगाजिनावर बसून आकाशात उडाला. फकिराने आपल्या खडावांना खूण केली. खडावा वर गेल्या आणि डोक्यावर फटके मारत त्याला खाली घेऊन आल्या. जयपाळ शरण आला. गावातली माणसे तहानेने व्याकूळ झाली आहेत, पाणी परत द्या, अशी त्याने विनवणी केली. फकीर म्हणाला, ते भांडे उचल. जयपाळाला ते जागचे हलवता येईना. सादीने ते सहज उचलून आणले, पाणी ओतले आणि तळी पुन्हा भरली. जयपाळाने अमरत्व मागितले. तेही मिळाले, पण कयामतीपर्यंत लोकांच्या नजरेआड राहण्याच्या अटीवर. आडरानात वाट चुकलेल्यांना तो वाट दाखवतो, अशी समजूत पुढे रुजली.

फकीर म्हणजे ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती आणि राजा म्हणजे पृथ्वीराज चौहान, फारसी पुस्तकांतला राय पिथौरा. सांगणारा बदलला की कथेतले तपशील थोडेफार बदलतात, पण सांगाडा हाच. परक्या गावात आलेला सूफी आणि तिथले पुजारी यांच्या गाठीभेटीच्या कथा भारतभर आहेत. त्यांतली ही सर्वांत प्रसिद्ध, आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या पद्धतीने वाचली जाणारी. एक पक्ष तिला संताच्या चमत्काराचा पुरावा मानतो, दुसरा आक्रमणाचा कबुलीजबाब. दोघेही धरून चालतात की बाराव्या शतकाच्या शेवटी अजमेरमध्ये असे काहीतरी घडले. तसे धरण्याआधी ही कथा पहिल्यांदा कधी लिहिली गेली, हे बघायला हवे.

त्याआधी कथेच्या आतच थोडे थांबू, कारण चमत्कार बाजूला काढले तर खाली उरते ते अगदी व्यवहारातले आहे. चाळीस माणसे घेऊन आलेल्या फकिराला काय लागते? पथारी टाकायला जागा आणि पाणी. पिण्यापुरते पाणी कुणीही देईल, पण दिवसातून पाच वेळा नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे तर रोजचा हक्काचा पाणवठा लागतो. जुन्या गावात यांतले काहीच मोकळे पडलेले नसते. वेशीबाहेरचा सावलीचा माळ राजाच्या जनावरांचा आणि तळ्याचा घाट देवळांचा. त्यामुळे गावात शिरायचे तर फकिराला आधी राजाच्या नोकरांशी आणि मग पुजाऱ्यांशी बोलणे भागच आहे, आणि कथेत अगदी याच क्रमाने ती माणसे भेटतात. साथीदारांनी तळ्याकाठी गाय कापून शिजवली असेही कथा सांगते. रचणाऱ्याला गावाची नस चांगली ठाऊक होती. कुठल्या गोष्टीवरून ठिणगी पडते, हे त्याने बरोबर निवडले आहे.

पुजाऱ्यांकडे मात्र त्याचे फारसे लक्ष नाही. ते घोळक्याने येतात, त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही, आणि त्यांच्या तोंडी वाक्य असे एकच: पाण्याला हात लावू नका. का, ते त्यांना सांगू दिलेले नाही. ज्या पाण्याने देवाला स्नान घालायचे ते सोवळ्यातले राहावे, गोमांस शिजवणाऱ्याचा हात त्याला लागू नये, हा त्यांचा विचार वाचकाने मनाने भरून काढायचा. कथा फकिराच्या बाजूने सांगितली आहे आणि ते ती लपवत नाही.

आता पुस्तकांकडे येऊ. पृथ्वीराजाचा तराईच्या दुसऱ्या लढाईत 1192 मध्ये पराभव झाला. ख्वाजा 1236 मध्ये वारले. त्यांच्याच परंपरेतल्या दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांची संभाषणे त्यांचे शिष्य कवी अमीर हसन सिज्जी यांनी 1308 ते 1322 या काळात बैठकीला हजर राहून लिहून ठेवली. त्या पुस्तकाचे नाव ‘फवाइदुल फुआद’. निजामुद्दीन यांच्यापासून मागे मोजले तर गुरूंची माळ बाबा फरीद, कुतुबुद्दीन बख्तियार काकी आणि मग मोईनुद्दीन अशी जाते. म्हणजे घराण्याचे मूळपुरुष फक्त तीन पिढ्या मागे होते. अजमेरचे तळे भांड्यात आले असते तर ती गोष्ट या बैठकांत निघाल्यावाचून राहिली नसती. या पुस्तकात ती नाही.

चौदाव्या शतकातच अमीर खुर्द यांनी चिश्ती संतांची चरित्रे ‘सियरुल औलिया’ या ग्रंथात लिहिली. इथे ख्वाजा आणि पिथौरा आमनेसामने येतात, पण प्रसंग वेगळाच आहे. राजाच्या चाकरीतला एक मुसलमान राजाच्या जाचाला कंटाळून ख्वाजांकडे येतो. ख्वाजा त्याच्यासाठी रदबदली करतात. राजा ऐकत नाही, उलट ख्वाजांबद्दल उणे बोलतो. त्यावर ख्वाजा म्हणतात की आम्ही पिथौराला जिवंत पकडून सोपवला आहे, आणि पुढे घोरीची फौज येऊन राजा पकडला जातो. या प्रसंगात उंट नाहीत, तळे नाही, पुजाऱ्यांची अडवणूकही नाही. एक दरबारी तंटा आहे आणि संताचा शाप खरा ठरतो. लढाई होऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर कुणीतरी घोरीच्या विजयाचे श्रेय आपल्या संताकडे वळवतो आहे, हे इथे स्पष्ट दिसते.

उंट, भांडे, बोलणारी मूर्ती आणि उडणारा जोगी असा सगळा जामानिमा घेऊन कथा येते ती ‘सियरुल अकताब’ या ग्रंथात. तो सतराव्या शतकातला, शाहजहानच्या काळातला. पृथ्वीराज जाऊन तोवर साडेचारशे वर्षे झाली होती. या दर्ग्याचा अभ्यास केलेले पी. एम. करी यांनी असे एकेक पुस्तक कालक्रमाने लावून ही वाढ दाखवून दिली आहे. प्रत्येक शतकात चरित्र लांबत गेले आणि चमत्कार वाढत गेले.

मधल्या काळात अजमेरचे दिवस पालटले होते. 1562 मध्ये तरुण अकबराने आग्र्याजवळ ख्वाजांची गाणी गाणारे गायक ऐकले आणि तो अजमेरला निघाला. मुलगा झाल्यावर नवस फेडायला 1570 मध्ये तो आग्र्याहून पायी चालत गेला. जहांगीर तर तिथे तीन वर्षे मुक्काम ठोकून होता. त्याने आनासागराच्या काठी बाग केली, शाहजहानने त्याच काठावर संगमरवरी मंडप उभारले आणि दर्ग्यात पांढऱ्या दगडाची मशीद बांधली. ‘सियरुल अकताब’ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढचा आनासागर हा असा होता. बादशहाचा दर्गा आणि बादशहाचे तळे. इतक्या मोठ्या ठिकाणाचा संस्थापक गावात गुपचूप येऊन एका कोपऱ्यात बसला, असे कुणाला सांगावेसे वाटेल? त्याचे येणे राजाने, देवाने आणि पाण्याने ओळखले, असेच सांगितले जाणार.

याच पाण्याची दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती पहिलीपेक्षा बरीच जुनी आहे. पृथ्वीराजाच्या दरबारातल्या जयानक या काश्मिरी कवीने ‘पृथ्वीराजविजय’ हे संस्कृत महाकाव्य त्याच्या हयातीतच रचायला घेतले होते. त्यात अजमेर वसवणारा अजयराज आणि त्याचा मुलगा अर्णोराज यांची हकिगत येते. अर्णोराजाच्या काळात तुरुष्कांची फौज अजमेरपर्यंत आली आणि शहराबाहेर मारली गेली. परक्यांच्या रक्ताने जमीन विटाळली म्हणून ती शुद्ध करण्यासाठी राजाने तिथे तळे खणले आणि नदीचे पाणी आणून भरले. अर्णोराजाचे लोकांतले नाव आना. त्याचे तळे तो आनासागर.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला तरी सगळे उलगडल्यासारखे वाटते. चौहानांच्या कवीला हे तळे म्हणजे मुसलमानाचा विटाळ धुऊन काढणारे पाणी. सूफींच्या चरित्रकाराच्या गोष्टीत पुजारी मुसलमानाला याच पाण्याला शिवू देत नाहीत, आणि मग ते सगळे पाणी त्याच्या एका भांड्यात मावते. चरित्रकाराने जयानकाचे काव्य वाचले असेल असे मला वाटत नाही, तशी गरजही नव्हती. तळ्याच्या सोवळेपणाची आठवण गावात असणारच. तिला दिलेले हे उत्तर आहे. दोन्ही बाजूंना ठाऊक होते की अजमेर कुणाचे हा प्रश्न आनासागराच्या काठीच सुटतो. शेवटी तळे पुन्हा भरते, हा भागही विसरू नये. पाणी गावालाच परत मिळते, ते द्यावे म्हणून जोगी विनंती करतो आणि फकीर ती मानतो. गावावर राज्य करायचे असलेल्याला गाव तहानलेले ठेवून चालत नाही.

जयपाळ जोग्याच्या मागेही अजमेरचाच माणूस उभा आहे. शहर वसवणाऱ्या अजयराजाला लोकपरंपरेत अजयपाळ म्हणतात. राज्य सोडून तो डोंगरात तपाला बसला अशी आख्यायिका आहे आणि शहराजवळच्या डोंगरांत त्याचे स्थान आजही पुजले जाते. फारसी पुस्तकांत जयपाळ आणि अजयपाळ ही नावे एकमेकांच्या जागी येतात. शहराचा आद्य पुरुष तपस्वी झाला, ही आठवण आधी होती. नव्या कथेने त्यालाच बोलावून आणले, आकाशात उडवले, खडावांनी खाली उतरवले आणि अमर करून रानात सोडले. पराभूत माणसाला अमरत्व देणे ही विचित्र तडजोड वाटते, पण तिला कारण आहे. डोंगरात त्याची पूजा चालूच होती, आणि ती पुसून टाकणे कुणाच्या हातात नव्हते. मग तो जिवंत आहे, पण आमच्या परवानगीने, असे सांगणे सोयीचे ठरले.

उड्डाणाचा प्रसंग मात्र अजमेरचा नाही. तो बाहेरून आला आहे आणि कुठून आला तेही सांगता येते. ‘फवाइदुल फुआद’मध्ये निजामुद्दीन उच या गावातल्या सफीउद्दीन गाझरूनी या शेखांची गोष्ट सांगतात. एक जोगी त्यांच्याशी वाद घालायला आला. जमिनीवरून तो सरळ वर उठला, डोके छताला टेकेपर्यंत गेला आणि तसाच सरळ खाली आला. आता तुम्ही दाखवा, म्हणाला. शेखांनी देवाची करुणा भाकली आणि ते उडाले. आधी पश्चिमेला, किब्ल्याच्या दिशेने, मग उत्तरेला, मग दक्षिणेला जाऊन ते परत जागेवर बसले. जोग्याने हार मानली. मी फक्त सरळ वर जाऊ शकतो, उजवी डावीकडे वळणे मला जमत नाही, असे तो म्हणाला. इथे फटके नाहीत, धर्मांतर नाही, गाव जिंकणेही नाही. दोन कसबी माणसे एकमेकांची विद्या पारखून बघतात तसा प्रसंग आहे. उचच्या या लहानशा गोष्टीपासून आनासागरावरच्या खडावांपर्यंत यायला तीनशेहून अधिक वर्षे लागली.

असे प्रसंग गावोगाव फिरतात हे मराठी वाचकाला निराळे पटवून द्यायला नको. चांगदेव चौदाशे शिष्य घेऊन, वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक धरून आळंदीला आले आणि ज्ञानेश्वर भावंडांसह ज्या भिंतीवर बसले होते ती भिंतच चालवत त्यांना सामोरे गेले. ही भिंत आळंदीत आजही दाखवतात. आता तुर्कस्तानात जाऊ. तिथल्या हाजी बेक्ताश या तेराव्या शतकातल्या सूफींच्या चरित्रात, जे पंधराव्या शतकाच्या सुमारास लिहिले गेले, सय्यद महमूद हैरानी हे शेकडो दरवेशांसह सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघतात आणि हाजी बेक्ताश खडकावर बसून तो खडक चालवत पुढे येतात. जनावर कुणीही चालवेल, दगड चालवणारा मोठा, हा दोन्हीकडचा न्याय एकच. सायमन डिग्बी या अभ्यासकाने भारतातल्या सूफी दर्ग्यांवरही ही वाघ आणि भिंतीची जोडी जागोजाग आढळल्याचे नोंदवले आहे. कुणी कुणाकडून घेतली या वादात मी पडत नाही, कारण या गोष्टी ज्या तोंडांनी वाहून नेल्या त्यांत फकीर, जोगी, व्यापारी आणि नाथपंथी असे सगळेच होते.

महत्त्वाचे आहे ते कोण जिंकतो. आळंदीत येणारा हरतो आणि गावात बसलेला जिंकतो. अजमेरला येणारा जिंकतो आणि गावातले हरतात. फरक पडतो तो गोष्ट कुणाच्या अंगणात सांगितली जाते त्यामुळे. आळंदीची गोष्ट समाधीच्या परिसरात वाढली, अजमेरची दर्ग्याच्या. आणि आळंदीतही जुना लेख मागितला तर हाताशी येते ती ‘चांगदेव पासष्टी’. पासष्ट ओव्या, ज्यांत वाघ नाही, साप नाही, भिंतही नाही. एका योग्याने दुसऱ्याला लिहिलेले, पाहणारा आणि पाहिले जाणारे यांचे नाते उकलणारे ते पत्र आहे. भिंतीची कथा घराघरांत पोचवण्यात 1762 मध्ये ‘भक्तविजय’ लिहिणाऱ्या महिपतींचा मोठा हात आहे. आपली लाडकी गोष्टही अजमेरसारखीच थराथराने चढलेली आहे, हे एकदा मान्य केले की दुसऱ्याच्या गोष्टीकडे बघताना डोके शांत राहते.

शांत डोक्याने बघणे म्हणजे कथेतले खुपणारे भाग झाकणे नव्हे. मूर्ती कलमा म्हणते, पुजारी अवाक होतात, हे वाचताना हिंदू वाचकाला टोचते. ते टोचावे असेच लिहिलेले आहे. तसेच अजमेरमध्ये मंदिरे पडली, हेही खरे आहे. ‘अढाई दिन का झोंपडा’ या मशिदीत मंदिरांचे खांब आजही उभे आहेत आणि चौहान राजा विग्रहराजाच्या काळातल्या संस्कृत नाटकांचे कोरीव लेख तिथेच सापडले. पण ती पाडापाडी आणि ते बांधकाम घोरीच्या सरदारांच्या काळात फौजेच्या बळावर झाले, आणि त्याची साक्ष दगडांत आहे. त्या साक्षीसाठी साडेचारशे वर्षांनी लिहिलेल्या खडावांच्या गोष्टीची गरज नाही. उलट ही गोष्ट पुरावा म्हणून पुढे केली की खरा पुरावा झाकला जातो. लढाई फौजेने केली, कथेत ती एका फकिराने पादत्राणांच्या जोरावर जिंकली आहे.

महाराष्ट्रातल्या खुलताबादेत हेच वेगळ्या तऱ्हेने दिसते. मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे दौलताबादला हलवली तेव्हा निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब इथे आले आणि 1337 मध्ये इथेच वारले. त्यांचे भाऊ मुंतजबुद्दीन, ज्यांना लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, त्यांच्या आधी येऊन 1309 मध्ये वारले होते. मुंतजबुद्दीन शेकडो शिष्य घेऊन आले आणि विहिरीपाशी त्यांनी एका राजकन्येला आपल्या पंथात घेतले, अशी कथा तिथे सांगतात. अजमेरला तळे, इथे विहीर. बुऱ्हाणुद्दीन यांचीही संभाषणे त्यांच्या हयातीत लिहून ठेवली गेली. ते काम काशानी घराण्यातल्या भावांनी केले. कार्ल अर्न्स्ट या अमेरिकी अभ्यासकाने ती हस्तलिखिते वाचून खुलताबादवर पुस्तक लिहिले. गुरूसमोर कसे बसावे, आलेला पैसा कसा वाटावा, समा ऐकताना काय पाळावे, असले विषय त्या संभाषणांत भरून आहेत. गावे जिंकणारा लढवय्या सूफी पुढच्या शतकांतल्या लेखनात अवतरतो.

अशी एखादी आगमनकथा कानावर आली तर मी आधी तीन गोष्टी विचारते. पहिल्यांदा लिहिली कधी? तेव्हा त्या ठिकाणी पैसा आणि मान कुणाकडे होता? आणि हीच गोष्ट दुसऱ्या कुठल्या संताच्या नावावर आहे का? अजमेरच्या कथेला हे प्रश्न लावले की उंट, तळे, मूर्ती आणि खडावा सतराव्या शतकात जातात, आणि बाराव्या शतकासाठी हाती उरते ते एवढेच की मोईनुद्दीन नावाचे एक सूफी अजमेरला आले, राहिले आणि तिथेच पुरले गेले. ते आले तेव्हा घाटावरच्या पुजाऱ्यांशी त्यांचे काय बोलणे झाले, याचा एकही समकालीन शब्द कुणी लिहून ठेवलेला नाही.

असा समकालीन शब्द दुसऱ्या एका भेटीबद्दल आहे. ‘फवाइदुल फुआद’ लिहिणारे अमीर हसन सिज्जी आयुष्याच्या शेवटी दक्षिणेत आले आणि त्यांची कबर खुलताबादेतच आहे. त्यांच्या पुस्तकात निजामुद्दीन तरुणपणीचा एक प्रसंग सांगतात. पंजाबातल्या अजोधनला बाबा फरीद यांच्या जमातखान्यात ते असताना एक जोगी आला. निजामुद्दीन यांनी त्याला विचारले की तुमच्या मार्गात मूळ गोष्ट कोणती मानतात. जोग्याने सांगितले की माणसाच्या आत दोन जग आहेत, डोक्यापासून बेंबीपर्यंत वरचे आणि बेंबीपासून पायांपर्यंत खालचे. वरच्या जगात सचोटी, निर्मळपणा, चांगली वागणूक सांभाळायची, खालच्या जगात पहारा ठेवायचा, शुद्धता आणि संयम सांभाळायचा. निजामुद्दीन म्हणतात, त्याचे बोलणे मला आवडले. पुढे कित्येक वर्षांनी, दिल्लीच्या बैठकीत, आपल्या शिष्यांसमोर त्यांनी ते शब्दशः आठवून सांगितले आणि अमीर हसननी कागदावर उतरवले.